योगवर्गाचं वर्णन वाचून नवख्याला आपली बॅच कळावी, यासाठी

प्रश्न: आमचा कोथरूडला योग स्टुडिओ आहे. वेबसाइटवर वेळापत्रकाचं पान आहे. हठ, अष्टांग विन्यास, विन्यास फ्लो, यिन, प्राणायाम असे वर्ग आणि प्रत्येकाचं वर्णन दिलंय. तरी रोज फोन येतात, "मी कधी योगा केलेला नाही, कुठल्या बॅचला येऊ?" काही जण न विचारता भलत्याच बॅचला येतात आणि आठवड्यात बंद करतात. वर्णनं कशी लिहावीत?

उत्तर:

पानाला हात लावण्याआधी एक काम करा. असा फोन आला की तुमच्या रिसेप्शनवरची व्यक्ती काय बोलते ते आठवडाभर शेजारी बसून ऐका आणि लिहून घ्या. ती योगाच्या प्रकारांबद्दल अवाक्षर काढत नाही. ती उलट विचारते, "वय काय तुमचं? पाठ, गुडघे काही दुखतं का? खाली बसता येतं? सकाळी जमेल की ऑफिसनंतर?" चार प्रश्नांत तिला बॅच कळते. हे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं तुमच्या पानावर नाहीत, म्हणून लोक फोन करतात. वर्णनं वाईट लिहिली आहेत असं नाही. ती वेगळ्याच प्रश्नाला उत्तर देत आहेत. "हा वर्ग काय आहे" हे त्यांत असतं आणि नवख्याला हवं असतं "माझ्या शरीराला तिथे काय करावं लागेल, आणि ते मला जमेल का".

मी काही वर्षं योग शिकवला, आता मुख्यतः स्टुडिओंची माहितीपानं लिहून देते. माझा अनुभव असा की शैलीचं नाव नवख्याला मदत तर करत नाहीच, कधी कधी थेट चुकीच्या दारात नेऊन सोडतं. अष्टांग विन्यासचंच घ्या. आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसाला अष्टांग म्हटलं की यम, नियम, आसन, प्राणायाम ते समाधी आठवते. त्याला वाटतं, हा सगळ्यात परिपूर्ण, शांत, ध्यानाकडे नेणारा वर्ग असणार. प्रत्यक्षात हा मैसूरच्या पट्टाभि जोइसांनी रुजवलेला, ठरलेल्या क्रमाचा, भरपूर घाम काढणारा सराव. सुरुवातीलाच सूर्यनमस्काराचे दोन प्रकार, प्रत्येकी साधारण पाच वेळा, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक आसनानंतर हातांवर भार घेऊन मागे जाणं. तो माणूस दहाव्या मिनिटाला थांबतो, उरलेला वेळ संकोचून बसून राहतो आणि परत येत नाही. दोष त्याचा नाही आणि वर्गाचाही नाही.

दुसरी गफलत "हळू म्हणजे सोपं" ही. यिनचं वर्णन सगळीकडे "शांत, सौम्य, आरामदायी" असतं, म्हणून थकलेला नवखा तेच निवडतो. पण यिनमध्ये एकेका स्थितीत तीन ते पाच मिनिटं राहायचं असतं. कमरेतून वाकून पाच मिनिटं थांबणं हे आखडलेल्या माणसाला अजिबात सौम्य वाटत नाही, आणि ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही. प्राणायामाचंही तसंच. "फक्त बसून श्वास घ्यायचा" असं समजून ज्येष्ठ मंडळी येतात आणि चाळीस मिनिटं मांडी घालून बसणं हीच खरी परीक्षा ठरते. शिवाय वर्गात कपालभाती, भस्त्रिका असेल तर रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असलेल्यांनी ते करायचं नसतं. हे वर्णनात नसेल तर ती व्यक्ती वर्गात बसल्यावर कळतं, तेही तिने आपणहून सांगितलं तर.

उलट उदाहरणही आहे. अष्टांगचाच मैसूर पद्धतीचा वर्ग, जिथे प्रत्येकजण आपापल्या गतीने करतो आणि शिक्षक एकेकापाशी जाऊन शिकवतात, तो नवख्यासाठी बरेचदा उत्तम असतो. पहिल्या दिवशी सूर्यनमस्कार शिकवून वीस-पंचवीस मिनिटांत घरी पाठवतात. पण पानावर "पारंपरिक स्वयंसराव" असं वाचून नवखा त्याच्या वाटेलाही जात नाही.

म्हणजे लेव्हल १, लेव्हल २ असं लिहिलं की झालं का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. स्वतःची पातळी माणूस शरीरावरून ठरवत नाही, स्वभावावरून ठरवतो. जिमला जाणारा तिशीतला मुलगा स्वतःला बिगिनर म्हणवून घेत नाही, तो सरळ लेव्हल २ ला येतो आणि पायाची बोटं धरता येत नाहीत म्हणून पाठ गोल करून ओढत बसतो. सहा महिने नेमाने येणारी, सगळं जमणारी बाई "मला कुठे काय येतंय" म्हणून लेव्हल १ सोडत नाही. आणि "नवखे" हा एक गट नसतोच. गुडघे दुखणाऱ्या बासष्ट वर्षांच्या काकू, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा चाळिशीचा माणूस आणि शाळेत सूर्यनमस्कार घातलेली कॉलेजची मुलगी हे तिघंही नवखेच, पण तिघांच्या बॅच वेगळ्या.

म्हणून पातळीऐवजी घरी उभ्या उभ्या करून बघता येईल अशी कृती लिहा. "पाच सूर्यनमस्कार न थांबता घालता येतात." "हाताचा आधार घेऊन जमिनीवर बसता आणि उठता येतं." "तळहात आणि पायाची बोटं टेकवून शरीर फळीसारखं सरळ, पंधरा-वीस सेकंद धरता येतं." वाचणाऱ्याला हे खरं की खोटं ते लगेच कळतं, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखंही काही नाही. कुठल्या वर्गाला कुठली कृती लागते हे मात्र तुमच्या वर्गांवरच अवलंबून आहे. ते मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या स्टुडिओच्या पानावरून उचलूनही चालणार नाही. एकाच नावाचे दोन वर्ग दोन शिक्षकांकडे अगदी निराळे असतात.

त्यासाठी प्रत्येक वर्गात एकदा मागे वही घेऊन बसा. शिक्षकांना विचारून लिहू नका, कारण जवळजवळ प्रत्येक शिक्षक "माझा वर्ग सगळ्यांसाठी आहे" असंच म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. त्याला नवख्याकडे लक्ष द्यायची सवय असते, म्हणून त्याला तसं वाटतं. मी बसते तेव्हा थोड्याच गोष्टी टिपते. तासाभरात किती वेळा खाली बसून पुन्हा उभं राहावं लागतं, कारण गुडघ्यांना तेच अवघड. मनगटांवर भार पहिल्यांदा केव्हा येतो आणि किती वेळा. एखाद्याला जमत नसेल तर पर्याय सगळ्यांना आधीच सांगितला जातो, की तो अडकल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिक्षक आसन करून दाखवतात की नुसतं नाव घेतात. "आता त्रिकोणासन" म्हटल्यावर सगळा वर्ग वळला आणि शिक्षक जागचे हलले नाहीत, तर आसनं कितीही सोपी असोत, तो वर्ग पहिल्या दिवसासाठी नाही. नवखा माणूस शेजारच्याकडे बघत बघत करतो, मान वाकडी ठेवून, आणि त्यातच लचक भरते.

आता एक वर्णन प्रत्यक्ष बदलून दाखवते. संध्याकाळच्या सातच्या वर्गाचं हे जुनं वर्णन तुम्ही कुठेही वाचलं असेल:

"विन्यास फ्लो. श्वास आणि हालचाल यांचा सुंदर मिलाफ साधणारा हा वर्ग शरीराला ऊर्जा आणि मनाला शांती देतो. ताकद, लवचीकता आणि समतोल वाढवण्यासाठी उत्तम. सर्व स्तरांसाठी योग्य."

शेवटचं वाक्य सोडलं तर यात खोटं काही नाही, पण हेच यिनच्या वर्णनात चिकटवलं तरी कुणाला कळणार नाही. वर्ग बघून आल्यावर ते असं होतं:

"विन्यास फ्लो. सूर्यनमस्कार येणाऱ्यांसाठी. आसनं एकामागून एक, मध्ये फारसं न थांबता, घाम येतो. अधोमुख श्वानासन आणि चतुरंग दंडासन पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे मनगटांवर आणि खांद्यांवर भार पडतो. शिक्षक आसनाचं नाव सांगतात, प्रत्येक वेळी करून दाखवत नाहीत. पाच सूर्यनमस्कार न थांबता घालता येत असतील तर कुठल्याही दिवशी या. योग पहिल्यांदाच करत असाल, किंवा मनगट, खांदा दुखत असेल, तर आधी मंगळ-गुरु संध्याकाळी ६ चा 'पायाभूत आसनं' वर्ग करा. तिथे हीच आसनं सावकाश, करून दाखवून शिकवतात. साधारण दोन महिन्यांनी या वर्गात यायचं की नाही ते तिथले शिक्षक सांगतील."

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. "सूर्यनमस्कार येणाऱ्यांसाठी" हे अगदी पुढे आहे, कारण मोबाइलवर वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं "आणखी वाचा" खाली दडतं. निर्णय त्या पहिल्या ओळीत व्हायला हवा. शैलीचं नाव काढलेलं नाही, कारण जाणकार माणूस तेच शोधत येतो. नवख्याला कळणारा शब्दप्रयोग त्याला लगेच जोडला आहे. मनाची शांती, ऊर्जा वगैरे काढून टाकलं, कारण ते सगळ्याच वर्गांना लागू आहे आणि त्याने निवड होत नाही. ज्याला हा वर्ग नको, त्याला दुसरा वर्ग वार आणि वेळेसकट सांगितला आहे. "नवख्यांनी कृपया पायाभूत वर्गाला यावे" एवढंच लिहिलं तर त्याला पुन्हा वेळापत्रकात शोधावं लागतं, आणि तिथेच तो फोन उचलतो किंवा पान बंद करतो.

पर्यायी वर्गाची वेळ त्याच सुमाराची आहे याकडेही लक्ष द्या. लोक योगाचा प्रकार निवडत नाहीत, आधी वेळ निवडतात. मुलांचे डबे, ऑफिसची बस, संध्याकाळचा स्वयंपाक यांतून जो तास उरतो तो ठरलेला असतो, आणि त्या तासाला जी बॅच आहे तिलाच ते येतात. ठाण्याच्या एका स्टुडिओत माझ्या हे नीट लक्षात आलं. त्यांचे सगळे प्राथमिक वर्ग सकाळी साडेदहाला होते आणि संध्याकाळी सगळंच जोरकस. नोकरी करणारे नवखे येणार ते संध्याकाळीच. वर्णन कितीही प्रामाणिक लिहिलं असतं तरी त्यांना पाठवायला जागाच नव्हती. त्यांनी संध्याकाळचे दोन दिवस प्राथमिक वर्गाला दिले, मगच पानाचा उपयोग झाला. तुम्ही वर्णनं लिहायला बसलात आणि "याऐवजी अमुक वेळेला या" हे वाक्य एखाद्या वर्गापाशी पूर्णच होत नसेल, तर ती अडचण लिखाणाची नाही, वेळापत्रकाची आहे.

कुठल्याही दिवशी सुरू करता येतं की नाही, हेही प्रत्येक वर्णनात हवं. आपल्याकडे बऱ्याच बॅच एक तारखेपासून महिन्याच्या फीवर चालतात आणि काही वर्गांत आसनं क्रमाने चढत जातात. चौदा तारखेला आलेला नवखा मधूनच घुसतो आणि त्याला वाटतं आपणच मंद आहोत. तुमचा पायाभूत वर्ग असा क्रमाचा असेल तर "दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच प्रवेश" असं सरळ लिहा, आणि मधल्या दिवसांत आलेल्याने तोवर काय करायचं तेही लिहा.

मांडणीबद्दल थोडक्यात. सात वारांचे सात रकाने असलेला तक्ता कॉम्प्युटरवर छान दिसतो, पण मोबाइलवर तो आडवा सरकवत बसावा लागतो आणि वर्णनं कुठेतरी तळाशी राहतात. शक्य असेल तर वार घेऊन त्याखाली वेळा, आणि प्रत्येक वेळेखाली एकच ओळ: "संध्या. ७. विन्यास फ्लो, सूर्यनमस्कार येणाऱ्यांसाठी". बुकिंगचं तयार सॉफ्टवेअर वापरत असाल आणि त्यात फक्त वर्गाचं नाव दिसत असेल, तर ही ओळ नावाच्या रकान्यातच भरा. आणि पानाच्या अगदी वर, तक्त्याच्याही आधी: "पहिल्यांदाच योग करताय? सकाळी मोकळे असाल तर सोम-बुध-शुक्र ७ ची हठ बॅच. संध्याकाळी, मंगळ-गुरु ६ ची पायाभूत बॅच. खाली बसता येत नसेल तर शनिवारी ९ ची खुर्चीवरची बॅच." नवख्याने बारा वर्णनं वाचून तुलना करावी ही अपेक्षाच ठेवू नका. त्याला दोन-तीन पर्याय पुरे आहेत, आणि बहुतेक जण याच्या खाली जाणारही नाहीत. मॅट आणायची का, खाल्ल्यावर किती वेळाने यायचं, पाळीच्या दिवसांत काय करतात, हे त्याच्या खाली एकदाच लिहा. प्रत्येक वर्णनात नको.

पुण्यात असल्यामुळे एक जास्तीची गोष्ट. आयंगारांची संस्था इथे १९७५ पासून आहे, त्यामुळे "आयंगार पद्धत" म्हटलं की इथल्या बऱ्याच लोकांना बेल्ट, विटा, खुर्च्या आणि बारकाईने शिकवणं डोळ्यांसमोर येतं. तुमचे हठचे शिक्षक त्या पद्धतीचं प्रमाणपत्र घेतलेले असतील तरच ते नाव वापरा. नसतील आणि तरी साधनं वापरत असतील तर "बेल्ट, विटा आणि खुर्चीचा आधार घेऊन, प्रत्येक आसन करून दाखवून" असं लिहा. नवख्याला त्या नावापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडतं.

दुखण्यांबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. "पाठदुखी, थायरॉइड, मधुमेहावर गुणकारी" असं लिहिलं की आजारी माणूस त्या शब्दावर बोट ठेवून येतो, आणि ज्या वर्गात त्याला बघायला शिक्षकाला सवड नाही तिथे बसतो. त्याऐवजी वर्गात काय होतं ते लिहा: "शेवटी सर्वांगासन असतं; काचबिंदू, वाढलेला रक्तदाब किंवा मानेचा त्रास असेल तर ते करायचं नाही, शिक्षकांना आधी सांगा, ते पर्याय देतील." गर्भवती, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, स्लिप डिस्कवाले यांचा निर्णय पानावर करूच नका. त्यांच्यासाठी "डॉक्टरांना विचारून मग आम्हाला फोन करा" आणि नंबर. फोन शून्यावर आणायचे नाहीत, जे यायला हवेत ते येऊ द्यायचे आहेत.

शिक्षकांचा विरोध होईल, त्याची तयारी ठेवा. "करून दाखवत नाहीत" हे वाक्य वाचून त्यांना ती तक्रार वाटते, आणि "आधी दुसरा वर्ग करा" वाचून मालकाला गिऱ्हाईक जाईल असं वाटतं. मी शिक्षकांना त्यांच्याच वर्गाचं वर्णन मोठ्याने वाचायला लावते आणि एकच विचारते, यात खोटं काय आहे? खोटं असेल ते काढते, बाकी राहतं. बरेचदा असंही होतं की शिक्षक म्हणतात, "ठीक आहे, मी पहिली वीस मिनिटं दाखवत जाईन", आणि वर्णन बदलण्याऐवजी वर्गच बदलतो. मालकाच्या शंकेला उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: भलत्या बॅचला आलेलं गिऱ्हाईक आठवड्यात जातंच आहे.

पान तयार झालं की योगाशी संबंध नसलेल्या तीन-चार जणांच्या हातात मोबाइलवर द्या. "कुठली बॅच आवडेल" असं विचारू नका. माणूस बनवून द्या: "तुमची आई, ५८ वर्षं, गुडघा दुखतो, सकाळी सातनंतरच मोकळी. कुठल्या बॅचला पाठवाल?" मग गप्प बसा आणि त्यांचा अंगठा कुठे थांबतो ते बघा. "मी फोन करून विचारेन" असं म्हणाले, तर कुठल्या शब्दापाशी अडलात ते विचारा. एकदा एका बाईंनी "पायाभूत" वाचून विचारलं होतं, हा शिक्षक होण्याचा कोर्स आहे का? त्या पानावर आम्ही "पहिल्यापासून शिका" असं नाव केलं. तुमच्याकडेही "पायाभूत" शब्द ठेवायचा का, ते अशा चाचणीवरच ठरवा. मी वरच्या नमुन्यात वापरलाय म्हणून तो बरोबर असं नाही.

नंतर महिनाभर रिसेप्शनवरची वही चालू ठेवा. फोनची संख्या मोजून फारसं कळत नाही, सुट्ट्या आणि परीक्षांप्रमाणे ती खालीवर होतेच. प्रश्न बदलला का ते बघा. "कुठल्या बॅचला येऊ" ऐवजी "मंगळवारच्या सहाला जागा आहे का" असं विचारायला लागले, तर पान काम करतंय. पहिल्या पंधरवड्यात बंद केलेल्यांना एक फोन करा आणि विचारा, वर्गात असं काय झालं जे वाचून वाटलं नव्हतं? त्यांचं उत्तर जवळजवळ तसंच्या तसं वर्णनात घालता येतं.

आणि शिक्षक बदलला की त्या दिवशी वर्णन बदला. महिनाभर दुसरं कुणी वर्ग घेणार असेल तरीही. नव्या शिक्षकाच्या वर्गात पुन्हा वही घेऊन बसल्याशिवाय जुनं वर्णन त्याच्या नावाखाली ठेवू नका. तुम्ही सातच्या वर्गापासून सुरुवात केलीत तर त्याचं आताचं वर्णन आणि वहीतली टिपणं इथे टाका, मी बघून सांगते.